संयुक्त राजधानीतलं आंब्याचं रोप

एका राज्याची दोन झाली तेव्हा कायद्यानं ठरलं, की चंद्रपेठ शहर वरकाठ राज्याचं; पण तळकाठनंही जास्तीत जास्त दहा वर्षं तिथून कारभार करावा आणि तेवढ्यात आपली राजधानी बांधावी. नऊ वर्षं सरली, तळकाठच्या माळावर वीट चढली नाही. उलट त्यांच्या मुख्यमंत्र्यांनी चंद्रपेठच्या सचिवालयात आंब्याचं रोप आणवलं. "याची फळं खाल्ल्याशिवाय हलणार नाही."

महापौर यमुनाबाईंना हसू आवरेना. "लावा की साहेब. झाड फळायला पाच वर्षं, तुमची मुदत उरली एक. पुढे अंगण आमचं, आंबेही आमचे. शेजारधर्म म्हणून एक पेटी धाडू."

साहेबांनी रोप उचललं, थेट आपल्या माळावर नेऊन लावलं. मग त्याला पाणी घालायला का होईना, सरकार तिकडे राहायला गेलं.