लंगड्या बैलाचा ठसा

फार मागे, डोंगरांच्या कुशीतल्या एका राज्यात चित्रांचा भारी नाद असलेला एक राजा होता. त्याने दोन मजली चित्रशाळा बांधली. वरच्या दालनात कला, खालच्या दालनात कारागिरी. वर प्रत्येक चित्राला सोनेरी चौकट आणि खाली चितारणाऱ्याचे नाव. खालच्या टोपल्या, मडकी, सुपे यांना नाव नाही. शिवाय खालच्या वस्तूंचा कुणीही साचा करावा, हवे तितके नग काढावेत, असा नियम.

जंगलातल्या पाड्यावर एक बाई होती. लग्नघरी चौक, म्हणजे भिंतीवरचे लग्नचित्र, लिहायला सगळे तिलाच बोलावत. शेणाने सारवलेल्या भिंतीवर ती गेरू फासायची आणि भिजवलेल्या तांदळाच्या पिठीत बांबूची काडी बुडवून लिहायची. काडीचे टोक दातांनी चावून मऊ केलेले. मधोमध चौकोनात देवी, बाजूला घोड्यावर नवरा-नवरी, भोवती झाडे, नाचणारी माणसे. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस तयार! चार सवाष्णी हाताखाली असायच्या. चौक पुरा झाल्याशिवाय लग्न लागत नसे.

चौकाची जागा वर की खाली, हे ठरवायला राजाने दरबारी पंडिताला पाड्यावर पाठवले. पंडिताने सात घरे पाहिली आणि येऊन सांगितले, "महाराज, सगळीकडे तोच चौकोन, तोच घोडा. खाली कुणाचं नाव नाही. ही कारागिरीच."

बाई दरबारात आली. "वर ठेवा नाहीतर खाली ठेवा, महाराज. पण ठसा तेवढा करू नका. मग आम्हाला कोण बोलावणार? आमच्या लेकी काडी धरायला कुठे शिकणार?"

राजा घुटमळला. पण एवढा शिकलेला पंडित चुकेल कसा? त्याने पंडिताकडे बघून मान डोलावली. पंडिताने सातव्या घरचा चौक उतरवून घेतला, लाकडावर कोरून त्याचे ठसे पाडले आणि पाड्यापाड्यांवर वाटले.

पुढच्याच लग्नाला राजा स्वतः पाहुणा म्हणून गेला. भिंतीवर ठशांचा चौक उठला होता. रेघ न् रेघ सरळ, कुठे थेंब सांडलेला नाही. पंडित खूश. नवरी आली, चौकासमोर उभी राहिली आणि बसेचना.

"हा लंगडा बैल कुणाचा?" तिने विचारले.

सगळे वाकून बघू लागले. खरेच, कोपऱ्यात तीन पायांवर उभा असलेला एक बैल होता. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा ओरडला, "अरे, हा तर माझा बैल! माझ्या नातीच्या लग्नात लिहिला होता. इथे कसा आला?"

मांडवभर हशा पिकला. नवरी मात्र हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. "आमच्याकडे बैल नाही. माझा बा ताडावर चढायचा, तो गेला. त्याचं झाड कुठे आहे? हे दुसऱ्या कुणाचं तरी लग्न आहे. मी इथे नाही बसायची."

बाई पाहुण्यांत बसली होती. नवरीची आई उठली आणि तिच्यापुढे पदर पसरून उभी राहिली. बाई लगेच उठली. तिने तांदूळ भिजत घालायला सांगितले आणि सवाष्णींना हाक मारली.

भिंत पुन्हा सारवली, गेरू लावला. राजा उन्हे उतरेपर्यंत जागचा हलला नाही. चौकोन तोच, घोडाही तोच. पण कडेला एक उंच ताड वाढत गेला आणि त्यावर इवलासा माणूस चढला. त्याचे तोंड नवरीकडे होते. नवरी त्याच्याकडे बघत रडली, मग हसली आणि पाटावर बसली.

पंडित खाली मान घालून म्हणाला, "महाराज, मी चौकट बघितली. आत बघायचं राहून गेलं."

"ही भिंत वरच्या दालनात न्या!" राजा म्हणाला. "बाई, खाली नाव तुझंच ना?"

"माझ्या एकटीचं कसं? काठाची नक्षी सासूने शिकवली. झाडं या दोघींनी काढली, घोड्याचे पाय त्या तिसरीने. आणि भिंत नेणार कशी? पुढच्या लग्नाला ही सारवायची आहे."

"मग ही कला म्हणायची की कारागिरी?" पंडिताने विचारले.

"काडी धरायला शिकवतात, ती कारागिरीच की. त्यात कसली लाज? पण काय काढायचं ते कुणी शिकवत नाही. त्या घराकडे बघून सुचतं."

राजाने सगळे ठसे परत मागवले आणि साच्यांचा नियम मोडीत काढला. वरच्या दालनात एक भिंत कायमची गेरू लावून ठेवली. दरसाल पाड्यावरच्या बाया सन्मानाने तिथे येत, लिहीत आणि खाली सगळ्यांची नावे लागत. खालच्या दालनातल्या टोपल्या-मडक्यांनाही करणाऱ्यांची नावे मिळाली. लंगड्या बैलाचा ठसा मात्र पंडिताने स्वतःच्या बैठकीसमोर टांगला, रोज दिसावा म्हणून.

तात्पर्य एवढेच: कलाकृतीला वरचे दालन द्यायचे की खालचे, हे ठरवण्याआधी ती कुणासाठी आणि कुणाच्या हातांनी झाली, ते नीट बघावे.