काठवटीतली डाळ

फार जुन्या काळी, एका राजाच्या नगरात तांबटांची एक आळी होती. सकाळ झाली की घराघरांतून हातोडीचे ठोके सुरू होत आणि संध्याकाळपर्यंत थांबत नसत. त्या आळीतल्या लेकरांना दुपारची झोपही त्या ठोक्यांशिवाय लागत नसे म्हणतात.

एका उन्हाळ्यात डोंगरातल्या एका गावचा झरा आटला. गाव उठलं. त्यातलं एक कुटुंब, नवराबायको आणि दोन लहान मुली, चालत चालत या नगरात आलं. नवऱ्याला एका तांबटाकडे भाता ओढायचं काम मिळालं. आळीच्या टोकाला एक खोली मिळाली. बायकोचं नाव साळू. गावाहून तिनं फक्त एक वस्तू डोक्यावर वाहून आणली होती, पीठ मळायची लाकडी काठवट. बाकी सगळं तिकडेच राहिलं.

पुढच्या वर्षी चैत्र आला. घरोघरी चैत्रगौर बसली. इथली रीत अशी, की प्रत्येक घरानं एक दिवस हळदीकुंकू करायचं. गौरीला झोपाळ्यात बसवायचं, पुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडायची आणि सगळ्या बायकांना बोलवायचं. साळूच्या धाकटीनं विचारलं, "आई, आपली गौर कधी?"

साळूनं कोपऱ्यातल्या काठवटीकडे पाहिलं. एका काठवटीची आरास कशी करणार?

पण शेजारच्या यमाकाकूंचे कान तिखट होते. वय सत्तरीचं, जीभ विशीची. त्या दारात येऊन म्हणाल्या, "अगं, आरास काय कुणा एकीची असते? माझा झोपाळा ने. चिमाकडून समया आण. गोदाक्काकडे तांबे आहेत ढीगभर. आणि मागताना असं तोंड पाडू नकोस, आम्हीही एकमेकींकडून मागूनच मांडतो."

साळू घरोघर गेली. कुणी नाही म्हणालं नाही. झोपाळा आला, समया आल्या, तांबे, पंचपात्री, गुलाबदाणी, पायऱ्यांवर अंथरायला दोन जरीची लुगडी आली. प्रत्येकीनं आपल्या भांड्याच्या गळ्याला रंगीत दोरा बांधून दिला. यमाकाकूंचा पिवळा, चिमाबाईंचा तांबडा, गोदाक्कांचा काळा. एकाच आळीत घडलेली भांडी, सगळी जुळ्या बहिणींसारखी. दोऱ्यावाचून साळूला ती ओळखू येणं कठीणच होतं.

साळूनं धान्याचे डबे उपडे मांडून पायऱ्या केल्या, त्यावर लुगडी अंथरली, भांडी चिंचेनं घासून लखलखीत केली आणि मांडली. मुलींनी कलिंगडाचं कमळ कापलं. मग साळू दोन पावलं मागे सरून पाहू लागली. सगळं सुरेख दिसत होतं, फक्त ते दोरे डोळ्यांत खुपत होते. भांड्याभांड्यावर जणू लिहिलं होतं, हे साळूचं नाही.

तिनं कात्री घेतली आणि एकेक दोरा कापून चुलीत टाकला.

आंबेडाळ मात्र तिनं आपल्या काठवटीत कालवली. ती काठवट जुनी, कडेला तडकलेली. बायकांना दिसू नये म्हणून तिनं ती पडद्याआड ठेवली.

दुपार कलताच बायका आल्या. साळूनं सगळ्यांच्या हाताला चंदन लावलं, गुलाबपाणी शिंपडलं, हळदीकुंकू लावलं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरली. थंडगार पन्हं फिरलं. पलीकडच्या आळीतली एक सावकारीण आली होती. तिनं आरास निरखून पाहिली आणि म्हणाली, "बाई, माहेर चांगलंच भरलेलं दिसतंय हो तुमचं! एवढी भांडी डोंगरातून आणलीत?"

साळूच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण सावकारीण कौतुकानं पाहत होती आणि वर्षभरात साळूकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. तिची मान हलली. होकाराची.

यमाकाकू पन्हं पीत होत्या. चिमाबाई वारा घेत होत्या. गोदाक्का हरभरे पदरात बांधत होत्या. तिघींनीही ते पाहिलं. पण कुणी तिला उघडं पाडलं नाही. चिमाबाईंनी तर सावकारणीला उलट म्हटलं, "गुणाची आहे हो आमची साळू."

आमची! तो शब्द साळूच्या काळजाला लागला. कुणी टोमणा मारला असता तर तिनं सोसला असता. हे तिला सोसवेना. डोळे भरून आले.

"सावकारीणबाई, मी खोटं बोलले," ती म्हणाली. "यातलं काहीसुद्धा माझं नाही. झोपाळा यमाकाकूंचा, समया चिमाबाईंच्या, तांबे गोदाक्कांचे. यांनी ओळखीसाठी दोरे बांधले होते, ते मी कापले. माझं दिसावं म्हणून कापले. आता कुणाचं भांडं कुठलं हेही मला कळत नाही. परत कसं करू?"

 मग यमाकाकू गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. एक पंचपात्री उचलून त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"ही माझी. माझ्या घरधन्यानं घडवलेली. त्यांचा प्रत्येक सातवा ठोका जरा तिरका पडायचा, बघ. आणि हा तांब्या गोदाचा, तिच्या सासऱ्याचे ठोके बारीक, मुगाच्या दाण्यासारखे. अगं वेडे, तांबटांच्या बायका आम्ही. आपल्या माणसाचा हात आम्हाला अंधारातही ओळखू येतो. आम्हाला दोरे कशाला लागतात?"

"मग बांधले कशाला?" साळूनं विचारलं.

"तुझ्यासाठी. परत करताना तुझा गोंधळ होऊ नये म्हणून."

साळूनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. काकूंनी तिला उठवलं. "पुरे आता. तुझं स्वतःचं काय आहे ते दाखव की. डाळ कुठे ठेवलीयस?"

पडदा सरला. काठवट दिसली. गोदाक्कांनी डाळीचा घास घेतला आणि त्या थबकल्या. दुसरा घेतला. "अगंबाई! सकाळची डाळ ना ही? जराही कळकली नाही!"

बायका हसू लागल्या. कारण आळीचं गुपित सगळ्यांनाच ठाऊक होतं. जगाच्या भांड्यांना कल्हई करणाऱ्या या घरांत स्वतःच्या भांड्यांना कल्हई करायला कुणाला सवड नव्हती. कैरीची आंबट डाळ तांब्यापितळेत ठेवली की दर वर्षी दुपारपर्यंत हिरवट, कडवट होऊन जाई. लाकडात ती दिवसभर जशीच्या तशी राहिली होती. काठवट बघता बघता रिकामी झाली. सावकारणीनंही बोटं चाटली.

दिवेलागणीआधी साळूनं एकेक भांडं पुसून परत केलं. प्रत्येकात मूठभर हरभरे घातले. काही विचारावं लागलं नाही, ज्या त्या घरच्या बाईनं अंगठा फिरवून आपलं ओळखून घेतलं.

वर्ष गेलं. पुन्हा चैत्र आला. गौर बसली त्या पहिल्याच दिवशी, उजाडता उजाडता, साळूच्या दारावर थाप पडली. दारात यमाकाकू उभ्या होत्या, किंचित अवघडलेल्या.

"साळू," त्या म्हणाल्या, "आज माझं हळदीकुंकू. तुझी काठवट देतेस का गं? डाळीला हवी होती."

साळूनं काठवट पुसली. मग हसत धाकटीच्या वेणीतला हिरवा दोरा सोडला आणि काठवटीच्या कानाला बांधला. आळीत दुसरी काठवट नव्हती, तरीही बांधला.

तात्पर्य: दुसऱ्याकडून घेतलेलं जो मोकळ्या मनानं सांगतो, त्याच्या दारी एक दिवस लोकही मागायला येतात.