जांभुळसड्याची ओवी

जांभुळसड्याला वरच्या अंगाला गेलात, की घरं संपतात आणि काळा कातळ लागतो. त्या कातळात परातीएवढा गोल घासा पडलेला आहे. पावसाचं पाणी त्यात साचतं, पण गावातलं कुणी त्यात पाय बुडवत नाही. तिथून शंभर पावलांवर कडा आहे. पुढं जाऊ नका, इथूनच बघा. हा घासा जात्याचा आहे, असं सांगतात.

फार मागली गोष्ट. गावात तेव्हा सातच उंबरे होते. त्यातल्या एका घरात धुरपदा नावाची बाई होती. जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओव्या अशा निघत, की शेजारणी आपलं दळण तिच्याच घरी घेऊन येत. तिची सून चिमा घाटाखालची. हाताला कामसू, पण ओवी म्हटली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. धुरपदा तिला शिकवायची, "अगं, अवघड काय त्यात? घरात दिसतं ते पहिल्या ओळीत घे. मनात सलतं ते दुसऱ्या ओळीत. शेवट जुळला पाहिजे. नाही जुळला तर जातं अडखळतं. आणि मधे पालुपद हाय की, तेवढ्यात मूठभर दाणे वैरायचे नि पुढची ओळ शोधायची." चिमा पहिली ओळ कशीबशी म्हणे. दुसरी सुचेपर्यंत जातं थांबे आणि बायका तोंडाला पदर लावून हसत.

त्या श्रावणात गावातले बापये मीठ आणायला घाटाखाली उतरले होते. सकाळी धुरपदा आणि चौघी बायका भारंगीची भाजी खुडायला कड्याच्या बाजूला गेल्या. चिमाच्या पायाला विळा लागला होता, म्हणून ती घरी राहिली. त्यांच्यातली राही तान्हं लेकरू चिमाजवळ ठेवून गेली होती.

दुपार कलायच्या आत दरीतून धुकं वर आलं. असं आलं म्हणे, की अंगणातल्या माणसाला आपला उंबरा दिसेना. चिमा दारात बसून वाट बघत राहिली. लेकरू भुकेनं रडायला लागलं. बायका येईनात.

मग घरोघरच्या म्हाताऱ्याकोताऱ्या कातळावर जमल्या आणि हाका मारायला लागल्या. "राहीऽ! धुरपदेऽ!" पलीकडून राहीची ओ आली. सगळ्यांना हायसं वाटलं. पुन्हा हाक दिली. दुसरी ओ आली ती कड्याच्या आणखी जवळून. खंडू आजा गावातला सगळ्यात जुना माणूस, त्याचा चेहरा पांढरा पडला.

"गप ऱ्हावा!" तो ओरडला. "हाका मारू नगा. समोरचा डोंगर हाक माघारी फेकतोय. त्यांना वाटतंय, गाव तिकडंच हाय."

हाका थांबल्या. पण गप्प बसूनही कसं चालेल? बायका धुक्यात पाऊल टाकतच असणार. लेकरू कडेवर घेऊन चिमाही लंगडत कातळावर आली होती. हाकेला हाक मिळते, पण खरी कुठली आणि डोंगराची कुठली, ते त्यांना कळायचं कसं? तिला जातं आठवलं. जात्यावर एक बाई ओळ गाते, समोरची तीच ओळ मागून म्हणते. पण नवी ओळ काढते ती पहिलीच.

"आजा," ती म्हणाली, "डोंगर मागचंच बोलतो. नवं त्याला कुठं येतं? मी दर खेपेला नवी ओवी म्हटली, तर नवी येईल ती माझी, जुनी येईल ती डोंगराची. पालुपद तेवढं एकच ठेवायचं, म्हंजी हाक कसली ते त्यांना कळंल."

"तू म्हणणार?" एक म्हातारी बोलली. तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं, तिलाही भीती वाटत होती.

"जातं द्या," चिमा म्हणाली. "जात्याबिगर मला एक शब्द सुचायचा न्हाई."

म्हाताऱ्यांनी जातं लोटत कातळावर आणलं. चिमानं दुखरा पाय पसरला, खुंटा धरला, नाचणीची मूठ वैरली आणि पाळू, जात्याचा वरचा दगड, फिरवली. दोन फेरे नुसतेच गेले. तिसऱ्या फेऱ्याला तिनं तोंड उघडलं.

जात्याच्या तोंडी गं घास नाचणीचा
माझ्या जिवाला गं घोर साजणींचा
घर इकडं गं बाई, घर इकडं

समोरच्या डोंगरानं ओवी परत दिली, तोवर चिमाची मूठ पुन्हा जात्याच्या तोंडाशी होती. पुढची ओळ कुठून आणायची? तिनं डोळे मिटले आणि मनानं आपल्या घरात शिरली. चूल दिसली.

चुलीवर दूध गं उतू उतू येतं
माझं काळीज बाई कड्याकडं जातं
घर इकडं गं बाई, घर इकडं

मग सूप, मग उखळ, मग शिंकं. एकेक वस्तू ती उचलत गेली. एक ओवी दुसऱ्यांदा तोंडात आली, तशी तिनं जीभ चावली. तीच ओवी पुन्हा म्हटली, तर बाया डोंगराच्या मागं जातील. तळहाताला फोड आले. लेकरू म्हातारीच्या मांडीवर रडून रडून निपचित पडलं होतं.

भरली घागर गं ठेविली उंबऱ्याशी
लेकुरवाळी माझी यावी लेकरापाशी
घर इकडं गं बाई, घर इकडं

पालुपद संपतं न संपतं तोच धुक्यातून राही आली. तिच्या पदराला धरून दुसरी, मग तिसरी, चौथी. राहीनं लेकरू छातीशी घेतलं आणि तिथंच पाजायला बसली.

"आत्याबाई?" चिमानं सासूचं विचारलं.

"पाय घसरला त्यांचा," दुसरी म्हणाली. "त्यांच्या हाका ऐकू येत होत्या, पण सगळीकडनं. कुठं शोधणार?"

चिमा जातं थांबवेना. दिवस उतरत चालला होता. सुपात मूठभर नाचणी उरली होती, आणि घरातली एकही वस्तू उरली नव्हती. वाकळ झाली, केरसुणी झाली, मिठाचं मडकं झालं. राहिलं होतं फक्त समोरचं जातं, आणि रोज त्याच्या पलीकडे बसणारं माणूस. तिनं शेवटची मूठ वैरली.

आत्याबाईचा हात जात्याच्या खुंट्यावरी

आणि पुढं काही सुचेना. रोजच्यासारखंच. पाळू हळू झाली, थांबली. चिमाला रडू फुटलं.

त्या शांततेत उजव्या हाताला, कड्याच्या खालून, दमलेला, चिडका आवाज आला.

अडली म्हातारी गं करवंदीच्या जाळीवरी

मग डोंगरानं तीच ओळ डावीकडून परत दिली. पण तोवर सगळ्यांनी उजवीकडे माना वळवल्या होत्या.

चौघी उठल्या. लुगड्यांना गाठी मारून त्यांनी दोर केला आणि रांगत, जमीन चाचपत कड्याशी गेल्या. पाच माणसांच्या उंचीइतकं खाली करवंदीची जाळी होती, तिच्यात धुरपदा अडकली होती. तिला वर ओढून काढलं, तेव्हा तिच्या अंगावर काट्यांशिवाय जागा नव्हती आणि एक पाय मोडला होता. चिमाला बघून ती म्हणाली म्हणे, "नुसत्या हाका मारून माझा घसा बसला होता. मरू दे म्हणून पडले होते. पण तुझी ओवी अर्धी राहिलेली ऐकवंना."

धुरपदाचा पाय काही सरळ झाला नाही. पण ती पुढं पुष्कळ वर्षं जगली, असं सांगतात.

आजही जांभुळसड्यात नवी सून आली, की तिला पहिल्या दिवशी जात्यावर बसवतात. दळायला गिरणी आहे, तरी बसवतात. सुनेनं घरातली एखादी वस्तू बघून एकच ओळ म्हणायची आणि थांबायचं. दुसरी ओळ सासूनं द्यायची. सासूला सुचेपर्यंत जातं फिरवायचं नाही, आणि कुणी हसायचं नाही.