दुसरा आवाज

माणसांनी घाटात रस्ता फोडला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. म्हाताऱ्या सावळी वानरीने वयात येणाऱ्या पोरांसाठी शिबिर आखलं. एकाने मधोमध उभं राहायचं, बाकीच्यांनी त्याला चिडवून भरीस घालायचं आणि त्याने सबबी न सांगता ठामपणे "नाही" म्हणायचं. भुरीला ते सगळ्यांत छान जमलं.

पुढे एकदा हेच टोळकं धाकट्या पिंग्याला दरीवरच्या वाळक्या फांदीवर उडी मारायला डिवचू लागलं.

"भित्रट कुठला!"

भुरी पुढे झाली. "नाही. तो उडी मारणार नाही."

सगळे फिदीफिदी हसले. भुरीने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणीच तिच्या बाजूने बोललं नाही. पिंग्याने उडी मारली आणि फांदी मोडली.

संध्याकाळी सावळीने विचारलं, "फांदी मोडेल, असं कुणाकुणाला वाटलं होतं?"

हळूहळू सगळेच हात वर झाले.

"पहिल्याने कसं बोलायचं ते शिकवलं मी," सावळी पुटपुटली. "दुसऱ्याचं राहूनच गेलं."

त्यानंतर शिबिरात एकाने "नाही" म्हटलं, की शेजारच्याने लगेच "मीही नाही" म्हणायचं असे. पिंग्याची आई रोज लांब बसून तो दुसरा आवाज ऐकत असे.