कोपरा दुमडलेला पत्ता

“पण तो हो म्हणेल की नाही, एवढंच सांगा ना बाई.”

“हो की नाही यासाठी नाणं फेक,” बाई म्हणाल्या. “पत्त्यांना तसला प्रश्न कळत नाही.”

टेबलावर ऋजुताचा फोन होता. ती घडोघडी त्याच्याकडे बघत होती, आणि बघितलंच नाही असं दाखवत होती.

यमुनाबाई दाणी मिरजेत एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर राहत. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर टॅरोचे पत्ते शिकवू लागल्या. भूतकाळ शिकवून झाला, आता भविष्य, असं लोक म्हणत. बाई म्हणत, दोन्ही विषयांत मुलं सारखीच नापास होतात.

भविष्य सांगायचं मात्र त्या कुणालाच कबूल करत नसत. पत्ते वाचायला शिकवत, बस्स.

ऋजुता त्यांची नवी शिष्या. फिजिओथेरपिस्ट. हुशार, आणि ते तिला माहीत होतं. महिन्याभरात सगळे अठ्ठ्याहत्तर पत्ते अर्थासकट पाठ केले होते. एवढं कुणी पाठ केलं की बाईंना काळजी वाटे.

“आज पाचला रत्नागिरीहून फोन येणार,” ती म्हणाली. “त्या हॉस्पिटलची जागा. एकदा मुदत मागून घेतली, आता ते थांबणार नाहीत. सारंगने लग्नाचं नक्की म्हटलं तर मी मिरज सोडत नाही. नाहीतर...”

“नाहीतर?”

“नाहीतर काही नाही. तो म्हणतो, बघू.”

“कधीपासून म्हणतोय?”

“गेल्या दिवाळीपासून.”

“पुष्कळ बघून झालं असेल मग,” बाई म्हणाल्या. “प्रश्न बदल. आणि त्यात त्याला घालू नकोस, तो इथे बसलेला नाही.”

ऋजुताने डोळे मिटले. खालच्या गिरणीचा पट्टा खडखडत होता.

“आमचं नातं कुठे अडलंय, आणि मला त्यात काय दिसत नाहीये?”

“हां. आता पिस.”

तिने आपला कॅट काढला. रेशमी रुमालात गुंडाळलेला होता. पत्ते नवे होते, पण कडा मळलेल्या. रोज वापरलेल्या पत्त्यांच्या कडा अशा मळतात. रोज तोच प्रश्न विचारणाऱ्यांच्या तर लवकरच.

“उलटे आलेले पत्ते धरायचे?” तिने विचारलं.

“ते पिसायच्या आधी ठरवायचं. आल्यावर ठरवलंस तर ती सोय झाली.”

“मग नाही धरत.”

“ठीक.”

ती पिसू लागली. सराईत हात होता. मधेच तिचा अंगठा अडखळे, एक पत्ता तळाशी जाई, आणि पुन्हा हात चालू. बाई तिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. अंगठ्याकडे बघत होत्या.

डाव्या हाताने तिने कॅट कापला, खालचा भाग वर ठेवला आणि थांबली. मग थोडे पत्ते उचलून पुन्हा कापला.

“दोनदा?” बाई म्हणाल्या.

“पहिल्यांदा मन नव्हतं.”

“बरं.”

वरचे तीन पत्ते तिने डावीकडून उजवीकडे पालथे मांडले. भूत. वर्तमान. भविष्य.

“एकेक उघडू?”

“भूत आधी. तिसऱ्यावर डोळा ठेवून पहिला उघडू नकोस.”

पहिला उघडला. एका अंगणात एक मुलगा छोट्या मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय.

“सिक्स ऑफ कप्स,” ती म्हणाली. “निरागस प्रेम, आठवणी. आम्ही कॉलेजात...”

“पेल्यांची छक्की. आठवणी बरोबर. तू अजून तिथेच राहतेस का, ते पुढचा पत्ता सांगेल.”

दुसरा उघडला. समुद्राकडे पाठ करून बसलेली बाई, डोळ्यांवर पट्टी, छातीशी दोन तलवारींची फुली.

“टू ऑफ स्वोर्ड्स. निर्णय अडलाय. हा सारंग.”

“सारंगने साडी कधीपासून नेसली?”

“बाई, पत्त्यात बाई असली म्हणजे बाईच असते असं नाही. पुस्तकात तसं...”

“खरंय. पण प्रश्न कुणाचा होता?”

ऋजुताने घाईने तिसरा उघडला, आणि तिच्या तोंडून श्वास सुटला.

इंद्रधनुष्यात दहा पेले. खाली एक जोडपं हात उंचावून उभं. बाजूला दोन मुलं नाचताहेत. लांब एक घर.

“टेन ऑफ कप्स! बाई, टेन ऑफ कप्स. संसार, घर, सुख... बघा ना!”

“बघतेय.”

“मग मी रत्नागिरीला नाही म्हणून सांगू?”

“तीन पत्ते तीन ठिकाणी वाचलेस. आता एका ओळीत वाच. मोठे पत्ते, दैवाचे, बावीस असतात. इथे किती?”

तिने पुन्हा बघितलं. “एकही नाही.”

“म्हणजे दैवाला यात रस नाही. तुमचं तुम्हीच निस्तरा म्हणतंय. पुढे. कुठला रंग जास्त?”

“पेले दोन, मधे तलवार.”

“प्रेम, प्रेम, आणि मधे अडसर. आता भविष्याचा पत्ता काय सांगतो? निकाल?”

“नाही.” हे तिचं पाठ होतं. “जसं चाललंय तसं चालू राहिलं तर वाट कुठे जाते ते.”

“आणि कसं चाललंय?”

ऋजुताने मधल्या पत्त्याकडे बघितलं.

“डोळ्यांवर पट्टी बांधून,” बाई म्हणाल्या, “इंद्रधनुष्य दिसतं का गं?”

खाली गिरणी बंद झाली. खोली एकदम मोठी वाटू लागली.

“पण ते जोडपं...”

“चेहरे दिसतात त्यांचे?”

ती वाकली. जोडपं पाठमोरं होतं. महिनाभर तो पत्ता तिने पाठ केला होता, फोनवर लावून ठेवला होता. चेहरे नाहीत, हे आज दिसलं.

“ती तू आहेस हे एक वेळ मानू,” बाई म्हणाल्या. “शेजारी कोण आहे, हे तुला पाठीवरून कसं कळलं?”

“तुम्ही मुद्दाम चांगला पत्ता वाईट करताय.”

“पत्ता चांगलाच आहे. मी त्याला हात लावला नाही.”

“मग चौथा काढते. खुलाशासाठी काढतात ना एक?”

“काढतात. न कळलेल्या पत्त्यासाठी. न आवडलेल्या शिक्षिकेसाठी नाही.”

ऋजुता हसली, पण डोळे फोनकडे गेले. साडेचार होऊन गेले होते.

“थांब,” बाई म्हणाल्या. “चौथा मी काढते.”

त्यांनी कॅट उचलला. पिसला नाही, कापला नाही. बोटाने कडा चाचपली आणि मधूनच एक पत्ता ओढून तिच्यासमोर पालथा ठेवला. त्याचा एक कोपरा दुमडलेला होता. दुमडून परत सरळ केलेला, पण पुरता सरळ न झालेला.

“हा कुठला?”

“तलवारींची तिर्री,” ऋजुता म्हणाली.

बाईंनी दुमडलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

पत्ता पालथाच होता.

...

ऋजुताचा हात टेबलावरून मांडीवर गेला.

“माझ्या लक्षात नव्हतं आलं,” ती हळूच म्हणाली. “खरंच, बाई. मुद्दाम नाही...”

“कोपरा कधी दुमडला?”

“गणपतीत. तो म्हणाला, तू फार घाई करतेस. घरी येऊन तीन पत्ते काढले. भविष्यात हाच आला. लाल हृदय, त्यात आरपार तीन तलवारी, मागे पाऊस. मी तो चुरगाळत होते. मग वाटलं, कॅट महागाचा आहे.”

“तेवढं शहाणपण बरं झालं. आणि त्यानंतर?”

“त्यानंतर रोज काढते.”

“आणि रोज इंद्रधनुष्य.”

“रोज नाही... कधी सूर्य येतो.”

बाईंनी चहाचा पेला उचलला. त्यात चहा उरलेला नव्हता. तो परत ठेवला.

“नको तो पत्ता टाळायला कुणीही शिकतं,” त्या म्हणाल्या. “अंगठा फार लवकर शिकतो. बाकीच्यांना जरा वेळ लागतो.”

ऋजुताने एकदम फोन उचलला. “विचारतेच त्याला. आत्ता. तुमच्यासमोर.”

“माझ्यासमोर कशाला? मी कुठे लग्न करतेय त्याच्याशी?”

पण तिने नंबर लावला होता. घंटा वाजत राहिली. शेवटी आवाज आला, शांत खोलीत बाईंनाही ऐकू जाईल असा.

“बोल गं. मीटिंगमध्ये जातोय.”

“सारंग, एकच विचारते. आपण लग्न करणार आहोत का? आज रत्नागिरीला सांगायचंय मला.”

पलीकडे गाड्यांचा आवाज. मग हसल्यासारखा आवाज.

“अगं, असं फोनवर कुठे... तुला वाटतं तर घे ना ती जागा. नाहीतर नको घेऊस. आपलं बघू ना निवांत. चल, ठेवतो, हां?”

फोन बंद झाला.

ऋजुताने तो टेबलावर ठेवला. सरळ ठेवला, मग थोडा आणखी सरळ.

“नाही म्हणाला नाही तो,” ती म्हणाली. “ऐकलंत ना? नाही असं कुठे म्हणाला?”

“नाही म्हणाला,” बाई म्हणाल्या. “म्हणजे, नाही म्हणाला नाही. ऐकलं मी.”

“म्हणजे अजून ठरलेलं नाही. म्हणजे... अजून होऊ शकतं.”

बाईंनी दुमडलेल्या कोपऱ्याचा पत्ता एका बोटाने तिच्याकडे सरकवला.

“उलट.”

ऋजुताने हात पुढे केला. बोटं पत्त्याच्या कडेला लागली आणि तिथेच राहिली. दुमडलेल्या कोपऱ्यावर अंगठा आपसूक गेला होता.

तिने पत्ता उलटला नाही.

खाली गिरणी पुन्हा सुरू झाली. टेबलावरचे तीन उताणे पत्ते बारीक थरथरू लागले. चौथा तिच्या बोटांखाली होता, तो हलला नाही.

फोन वाजला. रत्नागिरीचा नंबर होता. पाच वाजायला अजून काही मिनिटं होती. लोक नको तेव्हा वेळेच्या आधी येतात.

तो वाजत राहिला. ऋजुताने ओढणीने डोळे पुसले, पुन्हा पुसले, आणि बाईंकडे बघितलं.

“बाई... काय सांगू?”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग पत्त्याकडे.

“पत्ता तर अजून पालथाच आहे,” त्या म्हणाल्या. “मग रडतेस कशाला?”