आत्याचा डोह आणि आडवा हात

हे खाली डोहाचं काळं पाणी दिसतंय ना, त्यातले हातभर लांबीचे मासे पायाशी येऊन थांबतात, आणि भोयांचं गाव असूनही त्यात कुणी जाळं टाकत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं का?

आमच्या गावात जेवायला बसलात तर आणखी एक नवल दिसेल. पान मांडलं की घरची बाई आधी आपला हात त्यावर आडवा धरते. मग काय काय रांधलंय, कशात रांधलंय, कुठल्या पळीनं वाढणार, ते सांगते. पाहुण्यानं 'वाढा' म्हटल्यावरच हात उचलते. आणि 'आणखी घ्या, आमची शपथ आहे' असं इथं कुणी म्हणत नाही. पलीकडच्या गावची माणसं हसतात, "आत्याच्या गावाला जाताय? मग घरूनच जेवून जा!" हसू देत. ही रीत कशी पडली ते ऐका.

फार मागची गोष्ट. चंद्रा नावाची भोयाची सून आठवड्याच्या बाजारात मासे विकायची. तिच्यासमोर वरच्या पठारावरची निलव्वा घाण्याचं तेल घेऊन बसायची. निलव्वा लिंगायत, गळ्यात लिंग, मांसमच्छीला शिवणारी नव्हे. एका बाजारी चंद्रा तापानं फणफणली, तर निलव्वानं नाकाला पदर लावला आणि लांबूनच ओरडायला लागली म्हणे, "ताजी मरळ घ्या हो, ताजी मरळ! बघा तुमच्या हातानंच, मी काही उचलून द्यायची नाही!" बाजार हसला, पण पाटी रिकामी झाली. तिथून दोघींचं मैत्र जडलं.

चंद्रानं तिला जेवायला बोलावलं. नेमका दिवस निघाला जळदेवीचा. त्या दिवशी गावात एक कडक नेम होता. देवीला मरळीचं कालवण दाखवायचं आणि घरात जो कोणी जेवायला बसेल त्यानं त्यातलं बोटभर तरी तोंडात घालायचं. एकही पान त्यावाचून उठलं तर पाणी आपला वाटा माणसानं घेतं, असं म्हणत.

चंद्राची सासू नात्यानं तिची आत्याच होती. आत्याचा नवरा याच डोहात गेला होता. त्या वर्षी परगावचा एक सोयरा उपास सांगून पान न शिवता उठला होता, हे ती विसरली नव्हती. आणि आता तिचा एकुलता मुलगा, चंद्राचा नवरा लिंबाजी, होडी घेऊन नदीच्या वरच्या अंगाला गेलेला होता. घाटमाथ्यावर रात्रीपासून पाऊस कोसळत होता. नदीचा रंग सकाळीच बदलला होता.

चंद्रानं मैत्रिणीसाठी अंगणात वेगळी तीन दगडांची चूल मांडली होती. कोरं मडकं, कोरी पळी आणली होती. तुरीची आमटी, भोपळ्याची भाजी, ज्वारीची भाकरी, वर गूळ. निलव्वा आली, हातपाय धुतले, कोपऱ्यात बसून तिनं आधी लिंगाची पूजा केली. मग पानावर येऊन बसली.

आत्यानं पहिल्यांदा कालवणच आणलं.

निलव्वानं दोन्ही हात जोडले. "आत्याबाई, वास सांगतो, मन लावून केलंय तुम्ही. पण आमच्यात हे चालत नाही. गळ्यातल्या लिंगाला शब्द दिलेला आहे. राग मानू नका. मला भाकरी मात्र दोन वाढा, चालून भूक लागलीय."

"बोटाला लावून जिभेला लाव. तेवढ्यानं काय होतंय?"

"तेवढंही नको, आत्याबाई. पण मला सांगा ना, देवीला मरळच का दाखवतात?"

आत्यानं अंगणातल्या चुलीजवळचं आमटीचं मडकं आणि पळीही उचलली. सगळं घेऊन आत गेली.

चंद्रा भाकरी थापत होती. तिथून तिला आतलं दिसत होतं. आत्यानं आमटीची कोरी पळी कालवणात बुडवली, तशीच निथळती आमटीच्या मडक्यात घातली आणि ढवळली. चंद्राचे हात पिठात थांबले.

आत्या बाहेर आली आणि निलव्वाच्या पानात आमटी वाढली. निलव्वानं भाकरीचा तुकडा मोडला आणि थांबली. नव्या घरी विचारून खायची तिची सवय होती.

"आत्याबाई, ही वेगळ्या मडक्यातली ना?"

"वेगळ्याच."

"पळीही?"

"पळीही. किती चौकशा करशील? जेव आता, निवतंय."

नदीचा आवाज तेव्हा अंगणापर्यंत येऊ लागला होता. चंद्रानं नवऱ्याचं नाव मनात घेतलं. गप्प बसलं तर निलव्वाला कधीच कळणार नव्हतं. नेम पुरा झाला असता, लिंबाजी घरी आला असता. कोण विचारणार होतं? आणि निलव्वा तर तिच्याकडे बघून हसत होती. पुरत्या भरवशानं.

घास ओठाशी गेला तशी चंद्रा पिठाच्या हातानं धावली. तिनं एका हातानं घास पाडला आणि दुसरा हात पानावर आडवा धरला.

"जेवू नको. त्यात कालवणाची पळी बुडलीय. मी पाहिलंय."

"मेले!" आत्या किंचाळली. "माझ्या पोराच्या जिवावर उठलीस? तुझं कुंकू आहे गं ते!"

निलव्वा उठली असती तर तिला कुणी दोष दिला नसता. ती उठली नाही. लिंबाजी पाण्यावर आहे, देवीचा नेम काय आहे, ते तिनं चंद्राकडून समजून घेतलं. तिचा चेहरा उतरला. मग आत्याकडे वळून हलकेच म्हणाली, "आत्याबाई, मला आधी सांगितलं असतंत तर मी या दिवशी आलेच नसते. आता आलेय. हे न खाता तुमच्या देवीचा मान राखायची काही रीत आहे का? असेल ती सांगा, मी करीन."

इतक्या पिढ्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं. पाहुण्यांनी मुकाट खाल्लं होतं, किंवा काहीतरी खोटं सांगून उठले होते.

"रीत नाही, पोरी," आत्या म्हणाली. "करावी लागेल."

तिनं आमटी स्वतः उकिरड्यावर ओतली. चंद्राच्या हातची कोरी भाकरी आणि गूळ निलव्वाच्या पानात ठेवला, आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिली. आग्रह केला नाही. दिवे लागायच्या वेळी कालवणाचं भांडं डोक्यावर घेतलं. "पान माझ्या खोट्यानं विटाळलं, तिचं काही चुकलं नाही, एवढं देवीला सांगून येते," म्हणाली आणि डोहाच्या वाटेला लागली. पाण्याच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू आली नाही, की तिनं हाक मारलीच नाही, हे कुणी सांगू शकत नाही.

आजही जळदेवीच्या दिवशी इथं कालवण होतं, पण ते खायची सक्ती कुणावर नाही. पाहुणा नको म्हणाला तर त्याच्या वाटचं भांडं डोहावर नेऊन ठेवतात आणि मागे न बघता परततात. भांडं दुसऱ्या दिवशी रिकामं असतं म्हणे, आणि आत्याच्या त्या डोहात कुणी जाळं टाकत नाही.

आत्या डोहावर गेली त्या रात्री पाणी उंबऱ्यापर्यंत चढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते उतरलं, लिंबाजी काठाकाठानं चालत घरी आला, आणि आत्याच्या अंथरुणाची वळकटी गुंडाळलेली तशीच होती.