शिकस्तीचा उसासा

झरेगव्हाणच्या डोंगराला खापऱ्या म्हणतात. त्याच्या पायथ्याशी, उतारावर, पुरुषभर उंचीचा दगडी खांब उभा आहे. खांब आतून पोकळ आहे. कान लावला तर आत कोणीतरी हळू श्वास घेत असल्यासारखे ऐकू येते. गावकरी त्याला उसासा म्हणतात, आणि त्याच्या बुडाशी फुटक्या खापरांचा कमरेएवढा ढीग असतो.

अक्षय्य तृतीयेला इथे कोणी पाहुणा आला, तर लिंबाजी तात्या कुंभार नव्या कऱ्यातले, म्हणजे छोट्या मडक्यातले, पहिले पाणी त्यालाच देतात आणि म्हणतात, "घे, गरिबा." परवा पुण्याहून मोटारीने आलेले एक गृहस्थ जरा खट्टू झाले. तात्या हसले. "रागावू नका. ह्या गावात गरीब म्हणजे परमुलखातला माणूस. बसा, सांगतो."

तात्या सांगतात ते असे.

फार वर्षांपूर्वी, नगरला सुलतान होते तेव्हा, इथे लागोपाठ तीन वर्षे पाऊस झाला नाही. ओढा आटला. अक्षय्य तृतीयेला पितरांचे करे भरायचे आणि दुसऱ्या दिवशी गाव सोडायचे, असे पंचांनी ठरवले. सगळ्यांत जास्त जीव तुटला तो भिवरा कुंभारणीचा. नांगर बैलावर लादून नेता येतो, पण ओढ्याकाठची माती कशी नेणार? तिचा नवरा त्याच मातीत राबून गेला होता, आणि तिच्या हाताला दुसरी माती ठाऊक नव्हती.

त्या दिवसांत एक उंच, दाढीवाला माणूस डोंगर उतरून आला. अंगावर जरीचा पण विरलेला अंगरखा होता. भिवराने विचारले, "कोण तुम्ही?" तो म्हणाला, "गरीब." लोक हसले. जरीचा गरीब! पण त्याच्या मुलखात त्या शब्दाचा अर्थ एवढाच होता, की मी इथला नाही. परक्याला ना घर असते ना शेत, म्हणून आपल्याकडे येईतो त्या शब्दाचा अर्थ निर्धन झाला. निर्धन माणूस मान खाली घालून वावरतो, म्हणून पुढे आपली गायसुद्धा गरीब झाली. भिवराला यातले काहीच माहीत नव्हते. तिने घागरीच्या तळाचे पाणी त्याला दिले.

पाणी पिताना त्याने डोंगराकडे पाहिले. सगळा डोंगर करपला होता, फक्त अर्ध्या वाटेवर एक उंबर हिरवागार होता. त्याने बोट दाखवले. "आब," तो म्हणाला. पाणी!

तो नळ बांधणारा उस्ताद होता, म्हणे. उस्ताद म्हणजे कसबातला गुरू. आपल्या तोंडी त्याचा वस्ताद झाला, मग तालमीतला गुरू झाला, आणि हल्ली तर लबाड पोरालाही आपण वस्ताद म्हणतो. उंबराखालचे पाणी मातीच्या नळांतून गावात आणायचे, असे त्याने ठरवले. भिवराने नळ घडवायला घेतले. प्रत्येक नळ एका टोकाला निमुळता, म्हणजे पुढच्यात बसेल. सांध्याला चुना आणि अंबाडीचे धागे. गावाने चर खणला. वस्ताद त्या कष्टाला मशक्कत म्हणे. लोक मशागत म्हणू लागले, आणि पुढे तो शब्द शेताचाच होऊन बसला. आपले कष्ट मातीखेरीज आणखी कशात होते?

पहिल्यांदा पाणी सोडले, तेव्हा पायथ्याच्या सखल जागी नळ फुटला. वस्ताद मटकन बसला. "शिकस्त," तो म्हणाला. मग उठला आणि रात्र होईपर्यंत खणत राहिला. दुसऱ्यांदा तिथेच फुटला. पुन्हा तो बसला, पुन्हा म्हणाला, "शिकस्त," आणि पुन्हा उठून आधीच्या दुप्पट राबला. चुन्याने बोटे खाल्ली, तरी थांबला नाही.

पारावर चेष्टा सुरू झाली. "वस्ताद, पाणी नगरला गेलं का वो?" "आता दाढीनं शिंपा!" गावचे विश्वंभरभट चिडले. "अरे, संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, धडपड. तो करतोय ती खरी चेष्टा. तुम्ही त्या शब्दाचं काय करून ठेवलंत!"

"मग भटजी, तुम्ही पण घ्या की कुदळ!" कोणीतरी म्हणाले. आणि भटजींनी खरेच घेतली.

तिसऱ्यांदा नळ फुटला तो अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. वस्ताद बसला. "शिकस्त," म्हणाला, आणि या वेळी उठलाच नाही. ऊन कलले. पुरुष कुदळी टाकून पांगले, बायका घरी जाऊन भांडी बांधू लागल्या. भिवरा एकटी उभी राहिली.

"वस्ताद, शिकस्त म्हणालात ना? मग उठा की."

त्याने वर पाहिले. तोवर तो मोडकेतोडके मराठी बोलू लागला होता. "बाई, शिकस्त म्हणजे मोडलं. हरलो."

"तुमच्याकडं असंल," भिवरा म्हणाली. "आमाला तो शब्द कुनी शिकवला? तुमीच. दोन बारीला बघितलं मी. शिकस्त म्हटलं की मानूस उठतो आन् होता नव्हता तेवढा जोर लावतो. आता मधीच अर्थ बदलू नका."

 वस्ताद हसू लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले, असे सांगतात.

तो उठला. दोघांनी फुटका नळ उकरला. भिवराने खापर हातात घेऊन फिरवले. आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत, वाफ कोंडली की मडकी अशीच आतून बाहेर फुटतात, हे तिने जन्मभर पाहिले होते. "ह्यात वारा कोंडतोय," ती म्हणाली. "आव्याला जागा ठेवतो तशी ह्याला श्वास घ्यायला जागा ठेवा." वस्तादाने कपाळावर हात मारून घेतला. आपल्या मुलखात तो वारा सुटायला पोकळ खांब बांधत असे, पण दगड आणि दिवस वाचवायला इथे ते गाळले होते. हाक ऐकून परतलेल्या माणसांनी रातोरात दगड वाहिले आणि फुटल्या जागेच्या वर, उतारावर, पोकळ खांब रचला. भटजी चुना कालवत होते. सकाळी वारा आधी सुटला, खांबातून मोठा उसासा निघाला, आणि मागून पाणी आले. त्या दिवशी गावाने करे भरले ते नळाच्या पाण्याने, आणि पहिला करा गरिबाला दिला. गाव कोणी सोडले नाही. वस्तादानेही नाही.

विश्वंभरभट मात्र मरेपर्यंत म्हणत, "आमचा धडपडीचा शब्द घसरून टवाळीला लागला, आणि त्याचा पराभवाचा शब्द चढून पराकाष्ठेला पोचला. शब्द बोलणाऱ्यांच्या पावलानं चालतात."

पुण्याचे गृहस्थ म्हणाले, "पण तात्या, शिकस्त तर साऱ्या महाराष्ट्रात याच अर्थानं म्हणतात."

"म्हणोत की," तात्या म्हणाले. "बाकी गावांतही कोणीतरी उठलाच असेल. आमच्याकडे असा उठला, एवढंच म्हणतात."

आता गावात पंप आहे. तरी भर दुपारी, लख्ख उन्हात, 'लाईट गेली' असे कोणी ओरडले, की बायका हंडे घेऊन नळाकडे चालू लागतात. पोटनिवडणुकीत पडलेला असो, परीक्षेत नापास झालेला असो, की पीक गेलेला असो, आजही झरेगव्हाणचा माणूस अक्षय्य तृतीयेला एक खापर आणून उसाशाच्या बुडाशी फोडतो आणि मोठ्याने म्हणतो, "शिकस्त!"

आणि जवळ जो कोणी उभा असेल, ओळखीचा असो वा गरीब, त्याने एवढेच म्हणायचे असते:

"मग उठा की."